घोडेस्वार दिसला की लगेच खंडोबा म्हणू नका: बडोद्याच्या रस्त्यांवरचे पाळिये आणि देऱ्या कशा वाचाव्यात

डभोई सोडून बोडेलीकडे निघालो होतो. रस्त्याकडेला लिंबाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला एक उभा दगड दिसला, त्यावर घोड्यावर बसलेला माणूस. मागच्या सीटवरून आत्या लगेच म्हणाली, "अरे थांबव, खंडोबा!" गाडी थांबवली. आत्यानं हात जोडले, पर्समधून सुटे पैसे काढले, आणि तेवढ्यात शेतातून आलेले एक काका हसत म्हणाले, "ए तो अमारा सूरापूरा छे, बेन." म्हणजे देव नाही, त्यांच्याच कुळातला लढून मेलेला पूर्वज, आणि तो दगड म्हणजे त्याचा पाळिया, स्मारकदगड. आत्यानं पैसे ठेवले ते ठेवलेच. पण आपल्या पुण्याकडच्या सवयीचे डोळे इथे चालत नाहीत, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

बडोद्याच्या चारी बाजूंना घोडेस्वार दिसतात आणि ते सगळे एकाच जातीचे नाहीत. कुणी वीर आहे, कुणी गायींसाठी मेलेला आणि पुढे देव झालेला, कुणी राजस्थानातून आलेला पीर, तर कुठे घोडा आहे पण स्वारच नाही. त्यातला कोण कुठला हे ओळखता आलं, तर आपण कोणत्या पट्ट्यात आहोत आणि आसपास कुणाची वस्ती आहे, हे पाटी न वाचताही बऱ्यापैकी कळतं. ही पद्धत मी चुका करत करत बसवली आहे, त्यामुळे चुकाही सांगतो.

निघण्याआधी

सकाळी ऊन तिरकं असताना किंवा संध्याकाळी जा. डोक्यावर ऊन आलं की झिजलेलं कोरीव काम सपाट दिसतं, आणि ज्याच्यावर शेंदराचे थर आहेत तो दगड तर नुसता लाल गोळा वाटतो. एक साधी टॉर्च बरोबर ठेवा. ती समोरून नाही, दगडाला जवळजवळ टेकवून बाजूनं मारायची. म्हणजे खोल रेघांत सावली पडते आणि अक्षरं उठून येतात. पाण्याची बाटली ठेवा, उघडा दगड थोडा ओला केला की पोत खुलतो. बाकी काही करायचं नाही. खडू, पीठ, तेल, चुना लावून अक्षरं "उठवायची" नाहीत, आणि शेंदूर तर नखानंसुद्धा खरवडायचा नाही. तो रंग म्हणजे त्या घरांची वर्षावर्षांची सेवा असते. चप्पल काढायची, आणि फोटोआधी जवळ कुणी असेल तर विचारायचं.

आधी जागा बघा, मग दगड

बडोद्याभोवतीची जमीन नद्यांच्या गाळाची. शेतात नांगर फिरवताना बोटाएवढा खडा लागला तरी नवल. अशा सपाट गाळात कमरेएवढा घडीव दगड उभा असेल, तर तो कुणीतरी मुद्दाम पैसे मोजून, लांबून आणलेला असतो. पूर्वेला सोनगीर भागात वालुकाश्म मिळतो, पावागडाकडे काळा-करडा कठीण दगड. वालुकाश्मावर कोरायला सोपं पण झीजही लवकर, म्हणून पाळियांची नाकं-डोळी बहुधा गेलेली असतात.

मग तो उभा कुठे आहे ते बघा. गुजरातीत गावाच्या वेशीबाहेरच्या मोकळ्या जागेला 'पादर' म्हणतात. पादरात, तळ्याच्या काठी किंवा शिवेवर दगड असेल, आणि एकाजवळ एक असे दोन-चार असतील, तर ते स्मारक असण्याची शक्यता मोठी. माणूस पडला तिथे किंवा गावाच्या तोंडाशी ते उभे करत. एकटाच दगड, त्यावर छोटं घुमटीवजा घर, पुढे घंटा आणि ध्वज असेल तर ती देरी, म्हणजे देवाची जागा. ही विभागणी पक्की नाही, कारण पाळियालाच पुढे देरी बांधली जाते. पण सुरुवात इथून करा.

दगडाची मांडणी: एक मजला की तीन?

आपल्याकडचा वीरगळ तुम्ही पाहिला असेल. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला घेऊन चालल्यात, वर तो शिवलिंगापुढे हात जोडून, आणि माथ्यावर कलश. खालून वर वाचायची चित्रकथाच ती. गुजरातचा पाळियो ही कथा सांगत नाही. तो एकाच चौकटीत माणूस उभा करतो: बहुतेक वेळा घोड्यावर, हातात तलवार किंवा भाला, कधी ढाल. माथा गोलसर किंवा टोकदार, आणि त्यात एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्रकोर. चंद्र-सूर्य असेपर्यंत नाव राहील, हा त्याचा अर्थ, आणि तो आपल्या वीरगळांवरही असतो. मांडणी मात्र वेगळी. लेख असलाच तर घोड्याच्या पायांखाली, म्हणजे नेमका जिथे माती साचते आणि रंग ओघळतो तिथे.

त्याच्या शेजारी एक दगड बघा ज्यावर माणूस नाही, नुसता हात आहे. कोपरात काटकोनात वळलेला, तळवा उघडा, मनगटापासून बांगड्या. हा सतीचा. बांगड्या का, तर नवरा गेल्यावर त्या फुटायच्या, हिच्या फुटल्या नाहीत, ती बांगड्यांसकट गेली. असा हात महाराष्ट्रात, माळव्यात, राजस्थानातही सापडतो, तेव्हा त्यावरून प्रांत ठरत नाही. पण घोडेस्वाराच्या दगडाला खेटून हा हात असेल, तर घोडेस्वार देव नसून मेलेला माणूस आहे, हे जवळजवळ नक्की. मला तरी एवढा भरवशाचा पुरावा दुसरा कुठला मिळालेला नाही.

काही दगडांवर काहीच कोरलेलं नसतं, त्यांना खांभी म्हणतात. त्या वाचता येत नाहीत, विचाराव्या लागतात.

घोड्याच्या आसपास काय आहे?

इथे थोडा वेळ द्या, कारण सगळा घोटाळा इथेच होतो.

घोड्याजवळ फणा काढलेला नाग असेल, मूर्ती रंगवलेली, फेटेवाली, नवरदेवासारखी, तर ते भाथीजी महाराज. खेडा जिल्ह्यातलं फागवेल हे त्यांचं मुख्य ठाणं. लग्नाच्या मांडवातून उठून गायी सोडवायला गेले आणि लढता लढता पडले, अशी कथा आहे, म्हणूनच तो वेश. साप चावला तर त्यांचं नाव घेतात. खेडा, पंचमहाल आणि बडोदा जिल्ह्यांच्या खेड्यांत भाथीजींच्या देऱ्या जागोजाग आहेत. लागोपाठ तीन गावांत नाग-घोडा-फेटा दिसला, तर तुम्ही मध्य गुजरातमध्ये आहात, असं मी डोळे मिटून म्हणेन.

इंदूरचे आमचे नातेवाईक मात्र इथे चुकतात. त्यांना नाग आणि घोडेस्वार दिसला की तेजाजी वाटतो. चूक समजण्यासारखी आहे, कारण तेजाजीही गायींसाठी लढले आणि सर्पाशी त्यांची कथा जोडलेली आहे. पण तेजाजीच्या चित्रात साप बहुधा त्यांच्या जिभेला डसताना दाखवतात: अंगभर जखमा, अखंड जागा म्हणून जीभच उरली, तीच पुढे केली. ते राजस्थान-माळव्याचे. मही नदीच्या खोऱ्यात भाथीजी, चंबळच्या बाजूला तेजाजी, हे लक्षात ठेवलं तर गोंधळ होत नाही.

स्वाराच्या हातात भाला, जवळ दगडात कोरलेली पावलं, कापडाचे शिवलेले छोटे घोडे टांगलेले आणि उंच काठीवर ध्वज असेल, तर ते रामदेवपीर, इकडच्या बोलीत रामापीर. ठाणं जैसलमेर जिल्ह्यातलं रामदेवरा. इथे एक सावधगिरी. रामापीर माणसांबरोबर प्रवास करतात. हायवेवर मार्बलच्या गोडाऊनशेजारी किंवा ट्रकच्या गॅरेजपाशी त्यांची देरी असेल, तर ती त्या जमिनीबद्दल काही सांगत नाही, तिथे राजस्थानातून आलेली माणसं कामाला आहेत एवढंच सांगते. गावाच्या आत, जुन्या झाडाखाली असेल तर मात्र ती गावाची.

आणि खंडोबा? त्याच्या घोड्यावर पुढे म्हाळसा बसलेली असते, पायाशी कुत्रा, हातात खंडा, आणि सगळीकडे पिवळा भंडारा. इकडच्या स्वारांवर पिवळं सहसा दिसत नाही, शेंदूर दिसतो. आत्याला मी हेच सांगितलं: "हळद दिसली तर थांबवतो." बडोद्यात खंडोबा आहे, पण बहुधा मराठी घरांच्या देवघरात, टाकावर. रस्त्यावर शोधू नका.

लेख वाचणं

आपल्याला इथे एक फायदा आहे. जुन्या पाळियांवरची अक्षरं बहुधा देवनागरी वळणाची, डोक्यावर रेघ असलेली असतात, त्यामुळे गुजराती न येणाऱ्यालाही निम्मं वाचता येतं. सुरुवात 'संवत' अशी. तिथे 'शके' दिसलं तर थांबा, ते दक्षिणी हाताचं काम असण्याची शक्यता आहे. पुढे वर्ष, महिना, सुद किंवा वद, तिथी, वार, मग नाव, वडिलांचं नाव, आणि शेवटी 'काम आव्या'. आपलं 'रणात कामी आला' ते हेच.

इसवी सन काढायला संवतातून 56 किंवा 57 वजा करायचे. गुजरातचं वर्ष कार्तिक सुद 1 ला बदलतं. कार्तिकापासून डिसेंबर अखेरपर्यंतची तिथी असेल तर 57, जानेवारीपासून आश्विनाच्या शेवटापर्यंत असेल तर 56. महिने आपल्यासारखेच अमावास्येला संपणारे, म्हणून वद्य पक्षाची फिरवाफिरव करावी लागत नाही. माळव्यात करावी लागते, तिथे महिना पौर्णिमेला संपतो. कच्छ आणि जामनगरकडच्या हालारात तर वर्ष आषाढात बदलायचं, तेव्हा तिकडचा दगड असेल तर हा हिशोब जसाच्या तसा लावू नका.

आकड्यांत फसगत होते. गुजराती ५ आणि 'प', तसंच गुजराती २ आणि 'र', दिसायला सारखेच. झिजलेल्या दगडावर 1 आणि 9 ओळखणं तर नशिबाचा भाग. म्हणून वार वाचायचा प्रयत्न सोडू नका, तो पडताळा देतो.

एक दगड, पूर्ण वाचलेला

आत्याच्या 'खंडोबा'कडे मी दोन आठवड्यांनी परत गेलो, सकाळी सातला. जमिनीवर साधारण साडेतीन फूट, रुंदी सव्वा फूट, तांबूस वालुकाश्म. जागा: पादर, डाव्या हाताला आटलेलं तळं. माथा गोल, सूर्य स्पष्ट, चंद्र शेंदराखाली पण बोटाला लागत होता. एकच चौकट, घोडा उजवीकडे तोंड करून, स्वाराच्या हातात भाला, पाठीवर ढाल. नाग नाही, पावलं नाहीत. दीड हातावर दुसरा, बुटका दगड, त्यावर काटकोनातला हात आणि चार बांगड्या. इथवर आल्यावर देव हा पर्याय संपला.

खालच्या लेखाच्या दोन ओळी मातीत होत्या. माती मी काढली नाही. काकांना विचारलं, त्यांनीच हातानं बाजूला केली. टॉर्च जमिनीलगत धरली तेव्हा 'संवत १८६', पुढचा आकडा 1 की 9 ते कळेना, मग 'वैशाख सुद ५', आणि वाराच्या जागी 'शु' नक्की. नावाचं पहिलं अक्षर गेलेलं.

दोन्ही शक्यता तपासल्या. संवत 1861 धरलं तर वैशाख म्हणून 56 वजा, इसवी सन 1805. त्या वर्षी वैशाख शुद्ध पंचमी 3 मे रोजी येते, आणि तो शुक्रवार. संवत 1869 धरलं तर 1813, आणि त्या वर्षीची पंचमी मंगळवार-बुधवारच्या आसपास जाते. म्हणजे आकडा 1. पंचांग काढणाऱ्या कुठल्याही चांगल्या ॲपवर हे पाच मिनिटांत होतं. फक्त त्यात गुजरातचं कार्तिकी वर्ष निवडलेलं आहे ना, ते बघायचं. चैत्री वर्ष राहिलं तर उत्तर एक वर्षानं घसरतं आणि वारही जुळत नाही.

1805 हा आकडा दिसल्यावर माझ्यातला बडोदेकर लगेच जागा झाला, कारण गायकवाड आणि इंग्रजांचा पक्का तह त्याच साली झाला. मनात लढाई उभी राहिली. पण दगडावर लढाईचं नाव नाही, शत्रूचं नाव नाही. 'काम आव्या' हे गुरं पळवणाऱ्यांशी झटापटीत मेलेल्यालाही म्हणत. काकांच्या घरी आठवण एवढीच: "ढोर वाळवा गया हता." गुरं परत आणायला गेले होते. वहीत मी तेवढंच लिहिलं.

घरच्यांना विचारायचे दोन प्रश्न मला सगळ्यात उपयोगी पडलेत. काळी चौदसला, म्हणजे नरक चतुर्दशीला, इथे कोण शेंदूर लावायला येतं? आणि लग्न झालं की नवं जोडपं इथे पाया पडायला येतं का? 'आमचंच कुटुंब येतं' असं उत्तर आलं तर तो कुळाचा सूरापूरा. 'सगळं गाव येतं' असं आलं, तर माणसाचा देव व्हायला सुरुवात झाली आहे. लढाईत नव्हे तर अकाली गेलेल्यासाठी 'सूरधन' हा शब्द ऐकू येईल. तो आला की तलवारीची गोष्ट शोधू नका.

बोडेलीच्या पुढे: स्वार नसलेला घोडा

ओरसंग नदीच्या बाजूनं छोटा उदेपूरकडे चढू लागलात की जमिनीतून खडक वर येतो आणि रस्त्याकडेचं चित्र बदलतं. राठवा आदिवासींची वस्ती सुरू झालेली असते. मोठ्या झाडांच्या राईत, मूर्ती नसलेल्या जागेपाशी, भाजलेल्या मातीचे घोडे ओळीनं उभे दिसतात. पाठीवर कुणी नाही, कारण हा घोडा देवाला वाहिलेला आहे, बसायचं कुणी ते देव ठरवेल. नवस फिटला की कुंभाराकडून करवून आणतात. नव्यांच्या मागे जुने मोडके पडलेले असतात, ते कुणी उचलत नाही, आणि आपणही 'शोपीस' म्हणून उचलायचे नाहीत. हे सांगावं लागतं, कारण उचलताना मी पाहिलेत.

याच पट्ट्यात आणि पुढे अलीराजपूर-झाबुआकडे भिलांचे स्मारकदगड आहेत, तिकडे त्यांना गाता किंवा गातला म्हणतात. त्यावरही घोडेस्वार, वर चंद्र-सूर्य, शिवाय भडक रंग. इथे माझी सगळ्यात मोठी चूक झाली. पाळिया वाचून हुशार झालेलो मी, एका दगडापाशी 'हे कुठल्या लढाईत गेले?' असं विचारून बसलो. तिथला मुलगा गोंधळला. "माझे काका. आजारी होते." भिलांच्या दगडावरचा घोडा लढाई सांगत नाही, मेलेल्याला मानानं पुढच्या प्रवासाला बसवतो. नव्या दगडांवर घोड्याऐवजी मोटारसायकलही दिसते, मनगटावर घड्याळ दिसतं. चित्र तेच, अर्थ वेगळा. म्हणून घोड्यावरून निष्कर्ष काढण्याआधी आपण बोडेलीच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे विचारात घ्या.

घोडा नसेल तेव्हा

देवी असेल तर वाहन बघा, चेहरा नको. मगर असेल तर खोडियार, कोंबडा असेल तर बहुचरा, काळा बोकड असेल तर मेलडी, कुत्रा असेल तर हडकाई, गाढव असेल तर शीतळा. उंटावरची दशामा असते किंवा मोमाई, ते विचारावं लागतं. सगळ्यांना 'देवी' म्हणून हात जोडणारे आपण, इकडे वाहन चुकलं की शेजारीण हसते.

उत्तरेला वासदजवळ मही ओलांडून आणंदकडे गेलात की चरोतर लागतं, आणि तिथे अधूनमधून क्रूस दिसतात. क्रूसाबरोबर काचेच्या कोनाड्यात मरियमेची मूर्ती, पुढे मेणबत्त्या आणि हार असतील तर ती कॅथलिक वस्ती. नुसता साधा क्रूस, मूर्ती काहीच नाही, तर बहुधा प्रॉटेस्टंट. बोरसद-आणंद भागात आयरिश प्रेस्बिटेरियन मिशननं एकोणिसाव्या शतकात काम केलं, त्यांची मंडळी 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेली. या ख्रिस्ती घरांची भाषा, जेवण, गरबा सगळं गुजरातीच, तेव्हा क्रूस पाहून गोव्याची कल्पना करू नका.

फसवणारे दगड

रस्ता रुंद झाला की पाळिये हलतात. कंत्राटदार ते उचलून एका ओट्यावर सिमेंटमध्ये ओळीनं बसवतो, आणि मग पादरातले, तळ्याकाठचे आणि शिवेवरचे दगड एकाच घराण्याचे वाटू लागतात. पाया नवा, सिमेंट नवं, दगडांची उंची आणि जात वेगवेगळी असेल, तर जागेवरून काढलेला सगळा निष्कर्ष सोडून द्या. सतीचा हात स्वारापासून सुटून दुसऱ्याच टोकाला बसलेला मी पाहिला आहे.

दुसरी फसगत रंगाची. ऑईलपेंटनं डोळे-मिशा काढल्या की वीर आणि भाथीजी सारखेच दिसतात. तेव्हा रंगवलेलं नव्हे, कोरलेलं काय आहे ते बाजूनं टॉर्च मारून बघा: नाग दगडातून उठलेला आहे की नुसता ब्रशनं काढलेला?

आत्याच्या त्या दगडावर गेल्या दिवाळीत असाच नाग आला. निळ्या रंगाचा, घोड्याच्या पुढच्या पायाशी, ब्रशनं काढलेला. काकांना विचारलं तर म्हणाले, पलीकडच्या गल्लीतल्या मुलांनी काढला, त्यांच्याकडे भाथीजींना मानतात. पुसणार का, असं विचारलं. "शुं काम?" म्हणाले, आणि दिव्यात तेल घातलं.